बटण आहे, पण दिसत नाही. दिसलं तर दाबता येत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल आणि त्यांची सरकारी कामं तुम्हीच मोबाइलवर करून देत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

न्हावा-शेवा, गव्हाण, उलवे, उरण या पट्ट्यातल्या माणसाला 'हरकतीची मुदत' म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. १९८९ ला बंदर सुरू झालं, त्याच्या आधीपासून इथं जमिनीच्या नोटिसा निघतायत. पुढे रस्ते आले, रेल्वे आली, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. प्रत्येक वेळी एकच शिकलो, हरकत मुदतीत नोंदवली तरच ती हरकत. मुदतीनंतर ती नुसती तक्रार उरते.

आता ही हरकत नोंदवायची जागा बदललीय. पूर्वी कागद, सही आणि पोच घेतलेला शिक्का. आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन फॉर्म. बदल वाईट नाही. पण फॉर्म भरता येत नसेल तर ती खिडकी बंदच म्हणायची, फक्त बाहेरून बंद दिसत नाही एवढंच.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. एका सरकारी कार्यालयाचं हरकतीचं पान. कार्यालयाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशी पानं एकाच कार्यालयाची नाहीत. सोबत व्हॉइस मेसेज होता, "अरं पोरा, दोनदा सगला लिवला, दोनदा पुसला. यो पाठवायचा बटन नक्की कुठं हाय?"

वेबसाइट वापरायला सोप्या आहेत की नाही हे तपासायचं काम मी नोकरीत रोज करतो. तर हा एक स्क्रीनशॉट मी कसा तपासला ते सविस्तर सांगतो. ही पद्धत तुम्हालाही जमेल, पैसे लागत नाहीत.

आधी स्क्रीनशॉट नीट मिळवा

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबून लहान केला जातो. अक्षरांच्या कडा धुरकट होतात, रंग सरकतात. त्यावरून मोजमाप केलं तर समोरचा लगेच म्हणेल, "तुमचा फोटोच खराब आहे." म्हणून काकांना सांगितलं, "काका, तोच परत पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून." तसा पाठवला की फाइल मूळची येते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मोबाइलचा स्क्रीनशॉट कॉम्प्युटरवर उघडला की तो हातभर मोठा दिसतो. बटण चांगलं ठसठशीत दिसतं. ऑफिसात बसून मोठ्या मॉनिटरवर बघणाऱ्याला म्हणूनच प्रामाणिकपणे वाटतं की सगळं ठीक आहे. फोनवरसुद्धा आपण गॅलरीत फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतो. पण फोटो मोठा करता आला म्हणून पान मोठं करता येतंच असं नाही. तेव्हा पहिला नियम, नजरेच्या अंदाजावर विसंबायचं नाही, मोजायचं.

पहिलं मोजमाप, अक्षर आणि मागचा रंग

काकांच्या स्क्रीनशॉटमध्ये पाठवायचं बटण होतं भगव्या रंगाचं, त्यावर पांढरी अक्षरं, 'सादर करा'. वर मुदतीची तारीख लाल रंगात. रकान्यांखालच्या सूचना फिकट राखाडी. तिन्ही मागे पांढरं किंवा रंगीत, आणि अक्षरं बारीक.

अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक मोजायचं जगभर एक माप आहे. त्याला कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर म्हणतात. पांढऱ्यावर पांढरं लिहिलं तर १, पांढऱ्यावर काळं लिहिलं तर २१. बाकी सगळं या दोघांच्या मध्ये. नेहमीच्या आकाराच्या अक्षराला किमान ४.५ पाहिजे, मोठ्या मथळ्याला ३ चालतं. हा ४.५ चा आकडा हवेतून आलेला नाही. ऐंशीच्या आसपासच्या माणसाची नजर साधारण जितकी मंदावते, ती तूट भरून निघावी असा हिशेब त्यामागे आहे. म्हणजे हा नियम आपल्या काकांना समोर ठेवूनच केलाय म्हणा ना.

मोजायचं कसं? स्क्रीनशॉट कॉम्प्युटरवर साध्या Paint मध्ये उघडा. रंग उचलायचं ड्रॉपर घ्या. आधी मागच्या रंगावर टिचकी मारा, मग अक्षरावर. अक्षर उचलताना काळजी घ्या, कडेचे ठिपके मागच्या रंगात मिसळलेले असतात. अक्षराच्या जाड भागात, अगदी मधोमध टिचकी मारायची. दोन रंगांचे आकडे मिळाले की WebAIM Contrast Checker या मोफत पानावर टाका, गुणोत्तर समोर येतं.

काकांच्या पानाचा निकाल असा:

भगवा रंग #FF9933, अक्षरं पांढरी: २.१३
सूचनांचा राखाडी #999999, मागे पांढरं: २.८५
तारखेचा लाल #FF0000, मागे पांढरं: ४.०

तिन्ही नापास. आणि गंमत बघा, सगळ्यात वाईट निकाल सगळ्यात महत्त्वाच्या बटणाचा आहे. लाल रंग म्हणजे ठळक, असं आपण समजतो. पण लक्ष वेधणं वेगळं आणि बारीक अक्षर वाचता येणं वेगळं. भडक लाल रंग पांढऱ्यावर थोडक्यात नापास होतो. तोच लाल जरा गडद केला की पास होतो.

भगव्याचं तर आणखी सोपं आहे. त्याच भगव्यावर पांढऱ्याऐवजी काळी अक्षरं टाका. गुणोत्तर २.१३ वरून थेट ९.८ च्या पुढे जातं. बटणाचा रंग बदलायचा नाही, डिझाइन मोडायचं नाही, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. एक ओळ बदलायची.

इथं एक मर्यादा सांगतो. हे माप रंगाचं आहे, तुमच्या स्क्रीनवर पडणाऱ्या उन्हाचं नाही. हिशेबात बाहेरच्या उजेडासाठी थोडीशी सूट धरलेली असते, पण ती घरातल्या उजेडाची. जेटीवर दुपारी बारा वाजता फोन काढला की उन्हाची चकाकी अक्षरावरही पडते आणि मागच्या रंगावरही, त्यामुळे दोघांतला फरक आणखी कमी होतो. स्क्रीनशॉटमध्ये ऊन येत नाही, फोनचा कमी केलेला ब्राइटनेसही येत नाही. म्हणून ४.५ ही पास होण्याची रेघ समजा, पहिल्या नंबराची नव्हे. मुदतीची तारीख आणि पाठवायचं बटण तर याच्या बरंच वर पाहिजे.

दुसरं मोजमाप, बोट आणि बटण

आता 'दोनदा पुसला' याचं कारण. 'सादर करा' या बटणाच्या अगदी खाली दुसरं बटण होतं, 'रीसेट'. त्याच रुंदीचं, तसंच बुटकं. रीसेट दाबलं की सगळा फॉर्म कोरा. "नक्की पुसायचं का?" असंही विचारत नाही. काकांनी नाव, पत्ता, गट नंबर आणि दहा-बारा ओळींची हरकत एका बोटानं टाइप केली होती. पाठवायला गेले आणि पुसून बसले. दोनदा.

चूक काकांच्या बोटाची नाही, हे मोजून दाखवतो.

स्क्रीनशॉटची रुंदी होती १०८० ठिपके. गॅलरीत फोटोच्या तपशिलात हा आकडा दिसतो. पण वेब पान लिहिणारे या ठिपक्यांत मोजत नाहीत, त्यांचा पिक्सेल फोनच्या ठिपक्यापेक्षा मोठा असतो. काकांच्या फोनवर पानाची रुंदी त्यांच्या हिशेबानं ३६० भरते. म्हणजे स्क्रीनशॉटमधले ३ ठिपके बरोबर पानाचा १ पिक्सेल. हा भागाकार केला नाही तर सगळं मोजमाप तिप्पट चुकतं, नवीन तपासणाऱ्यांची नेहमीची चूक हीच.

Paint मध्ये बटणाभोवती चौकट ओढली. उंची ५४ ठिपके, म्हणजे १८ पिक्सेल. दोन बटणांमधली फट ६ ठिपके, म्हणजे २ पिक्सेल. काही फोनांत पानाची रुंदी ३६० ऐवजी ४१२ धरतात. तसं धरलं तरी बटणाची उंची २१ च्या आतच राहते, निकाल बदलत नाही.

आता हे मिलिमीटरमध्ये बघू, म्हणजे पटेल. साडेसहा इंची फोनची रुंदी साधारण ६८ मिमी. त्या हिशेबानं बटणाची उंची झाली ३.४ मिमी. शाळेच्या वहीतल्या दोन ओळींमधल्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी. मधली फट तर अर्धा मिमीसुद्धा नाही. त्यावर टेकणारं बोट कुणाचं? उभं आयुष्य जाळं ओढलेलं, मिठागरात किंवा कंटेनर यार्डात राबलेलं. बोट टेकलं की दोन्ही बटणं एकदम झाकली जातात. कुठलं लागेल हे नशीब.

नियम काय म्हणतो? वेब पानांच्या सुलभतेचे जागतिक निकष आहेत, त्यांना WCAG म्हणतात. त्यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितलाय. त्याहून लहान बटण चालतं, पण एका अटीवर. प्रत्येक लहान बटणाच्या मध्यावर २४ पिक्सेल व्यासाचं एक वर्तुळ कल्पायचं. ते वर्तुळ शेजारच्या बटणाला किंवा त्याच्या वर्तुळाला लागता कामा नये. काकांच्या पानावर एका बटणाच्या मध्यापासून खालच्या बटणाच्या मध्यापर्यंत अंतर १८ अधिक २, म्हणजे २०. वर्तुळं एकमेकांत घुसतात. नापास.

आणि २४ हा तळाचा आकडा झाला. अँड्रॉइडवाल्यांचा स्वतःचा सल्ला ४८ चा आहे, म्हणजे साधारण ९ मिमी. ॲपलचा ४४ चा. बँकेच्या ॲपमधलं पैसे पाठवायचं बटण बघा, केवढं असतं. हरकतीचं बटण त्याच्यापेक्षा कमी महत्त्वाचं का असावं?

बटण मोठं करणं हा झाला निम्मा उपाय. खरा उपाय म्हणजे रीसेट बटणच काढून टाकणं. एवढा मोठा फॉर्म भरून एका झटक्यात सगळा पुसायची गरज कुणाला पडते? चुकीचं लिहिलं तर माणूस तेवढंच खोडतो. ठेवायचंच असेल तर पाठवायच्या बटणापासून लांब ठेवा आणि पुसण्याआधी विचारा.

तिसरी गोष्ट, जी स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही

तुम्ही म्हणाल, अक्षर बारीक तर पान दोन बोटांनी मोठं करायचं. मीही काकांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "नाय होत रं, हलतच नाय."

स्क्रीनशॉटवरून हे कळणं शक्य नाही, ते जिवंत पानावरच बघावं लागतं. पान कॉम्प्युटरवर उघडून त्याचा कोड बघितला, तर वरच ही ओळ सापडली:

```html
<meta name="viewport" content="width=device-width,
  initial-scale=1, maximum-scale=1, user-scalable=no">
```

शेवटचे दोन तुकडे म्हणजे पानाला घातलेलं कुलूप. वाचणाऱ्यानं पान मोठं करायचं नाही, अशी सक्त ताकीद. डिझाइन हलू नये म्हणून अशी ओळ टाकतात आणि मग ती एका पानावरून दुसऱ्यावर कॉपी होत जाते. अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता आलंच पाहिजे, हा निकष जुना आहे आणि ही ओळ तो सरळ मोडते. `maximum-scale=1, user-scalable=no` एवढं खोडलं की कुलूप निघतं.

तोवर आपल्या हातातला तोडगा. अँड्रॉइड फोनवर क्रोमच्या Settings मध्ये Accessibility मध्ये जा, तिथं Force enable zoom असा पर्याय आहे, तो चालू करा. मग पानानं नाही म्हटलं तरी दोन बोटांनी मोठं होतं. आयफोनच्या सफारीत बहुधा हे करावं लागत नाही, तो अशा ताकदीला जुमानत नाही. आज घरी गेलात की आई-वडिलांच्या फोनवर एवढं एक करून ठेवा.

स्क्रीनशॉटमध्ये न दिसणारं आणखी बरंच असतं. ज्यांना अजिबात दिसत नाही, ते फोनकडून पान वाचून घेतात. त्यांच्या फोनला हे बटण 'सादर करा' म्हणून वाचता येतं की नुसतं 'बटण' म्हणून, हे चित्रावरून कळणार नाही. म्हणून स्क्रीनशॉट बघून 'पान नापास' म्हणता येतं, पण 'पान पास' कधीच म्हणता येत नाही. हे तपासणाऱ्यानं पक्कं लक्षात ठेवायचं.

कायदा कुठं उभा आहे

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा द्या, हे त्यात लिहिलंय. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत, GIGW नावाच्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची, ती WCAG २.१ चा मधला म्हणजे AA स्तर पाळायला सांगते.

८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायदा सक्तीचा आणि त्याखालचे नियम मात्र नुसते शिफारशीसारखे, हे चालणार नाही. किमान गोष्टी सक्तीच्या करा. मग ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांचं होतं. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा म्हणणाऱ्या यंत्रणेपुढे ते अडकले होते.

काकांकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही, मोतीबिंदूची सुरुवात आहे एवढंच. पण पान सुधारलं तर प्रमाणपत्र असलेला, नसलेला आणि उन्हात उभा असलेला ट्रेलर ड्रायव्हर, सगळ्यांचंच काम होतं.

तक्रार कशी लिहायची

'वेबसाइट चालत नाही' असं लिहू नका. त्याला 'आमच्याकडे चालते' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. आकडा लिहा. मी काकांच्या वतीनं लिहिलेला मजकूर असा होता, पाहिजे तर उचला:

"आपल्या हरकत फॉर्मच्या पानावर (पानाचा पत्ता, तारीख, वेळ, फोनचं मॉडेल) पुढील अडचणी आहेत. १) 'सादर करा' बटणावरील अक्षरांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर २.१३ आहे, किमान ४.५ आवश्यक. अक्षरं काळी केल्यास प्रश्न सुटतो. २) पान मोठं करण्यास कोडमध्ये बंदी आहे, ती काढावी. ३) 'सादर करा' आणि 'रीसेट' ही बटणं १८ पिक्सेल उंचीची असून मधलं अंतर २ पिक्सेल आहे. यामुळे अर्जदाराचा मजकूर दोनदा पुसला गेला. मूळ स्क्रीनशॉट जोडला आहे. दुरुस्ती होईपर्यंत हरकत कागदावर स्वीकारून पोच द्यावी."

क्रम मुद्दाम असा ठेवलाय. पहिले दोन मुद्दे २.१ च्या AA स्तरात स्पष्ट बसतात, त्यावर वाद नाही. बटणाच्या २४ पिक्सेलचा निकष २.२ मधला आहे. 'आम्हाला २.१ लागू आहे' असं उत्तर येऊ शकतं आणि शब्दशः ते खोटं ठरणार नाही. म्हणून तिथं नियम नाही, प्रत्यक्ष झालेलं नुकसान लिहिलं. 

आणि शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. वेबसाइट सुधारायला महिने लागतात, मुदत दिवसांत संपते. काकांची हरकत कागदावर दिली, दोन प्रती काढल्या, एका प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. मुदत संपायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. तक्रारीवर 'संबंधित विभागाकडे पाठवली' असं उत्तर आलंय. हे लिहीपर्यंत बटण भगवंच आहे आणि अक्षरं पांढरीच.

तुमच्याकडे अशी पानं असतील तर स्क्रीनशॉट पाठवा, मोजून देतो. फक्त दोन गोष्टी. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्यात आधार नंबर, मोबाइल नंबर दिसत असेल तर आधी झाका. पानाचा पत्ता मात्र झाकू नका, तोच लागतो.